लग्नात बदललेलं नाव, राजपत्र आणि मी: जुन्या नावाच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

दोन_नावांची_बाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या. नावं अर्थातच बदलून लिहिलीत.

माहेरचं नाव प्राजक्ता विलास शिर्के. 2019 साली लग्न झालं, सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं "ईश्वरी" लिहिलं. तेव्हा मला गंमत वाटली होती. विवाहनोंदणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात केली, पण त्या प्रमाणपत्रावर वधूचं नाव लग्नाआधीचंच आहे. ईश्वरी कुठेच नाही.

पुढे झालं असं की आधार, पॅन आणि पासपोर्ट मी स्वतः केले, तिथे "प्राजक्ता रोहन कदम". रेशनकार्ड सासऱ्यांनी केलं आणि त्यावरून एक बँक खातं उघडलं, तिथे "ईश्वरी रोहन कदम". मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नावही ईश्वरी, कारण दवाखान्यात फॉर्म सासूबाईंनी भरला आणि मी भूल उतरायची वाट बघत होते.

आता गृहकर्जासाठी बँक म्हणते, प्राजक्ता आणि ईश्वरी एकच हे सिद्ध करा, राजपत्र आणा. कोर्टाबाहेरच्या एका एजंटनं साडेसात हजार सांगितले, दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसकट.

प्रश्न: राजपत्र खरंच लागेल का? स्वतः करता येईल का? आणि जुनं नाव म्हणून शिर्के लिहू की कदम? माझी तर तीन नावं झालीत.

कर्वेनगरकर

साडेसात हजारांत तो नवीन नवरा पण देतो का?

मंजिरी७७

अगं, लग्नानंतर नाव बदलायला राजपत्र लागतच नाही! माझं सगळं नुसत्या विवाह प्रमाणपत्रावर झालं. पासपोर्टसुद्धा. पॅनला तर त्या वेळी लग्नपत्रिका चालायची, आमची गणपतीचा फोटो असलेली पत्रिका मी खरंच स्कॅन करून लावली होती. बँकेत जाऊन जरा भांड.

दोन_नावांची_बाई

@मंजिरी७७, आडनावाला नाही लागलं मलाही. घोडं पहिल्या नावावर अडलंय. प्रमाणपत्रात ईश्वरी नाही म्हटल्यावर भांडणार कशाच्या जोरावर?

टेकडीवरचा

राजपत्र हवंच, आणि तेसुद्धा केंद्र सरकारचं. राज्याचं पासपोर्टला चालत नाही. दिल्लीला सिव्हिल लाइन्सच्या प्रकाशन विभागात अर्ज करावा लागतो. वर्तमानपत्रात जाहिरात, दोन साक्षीदारांच्या सह्या, मजकुराची सीडी, सगळं लागतं. माझ्या मेव्हण्यानं केलंय.

वकीलीणबाई

टेकडीवरचा, दिल्लीची यादी बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. मेव्हणे केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत का? मग त्यांच्या खात्यानं मागितलं असणार. सर्वसाधारण माणसाला महाराष्ट्र शासनाचं राजपत्र पुरतं, पासपोर्टलाही. वर्तमानपत्रातली जाहिरात ही दिल्लीची आणि पासपोर्टच्या काही प्रकरणांतली भानगड आहे. राज्याच्या राजपत्राच्या अर्जाला ती लागत नाही. एजंट लोक दोन्ही याद्या एकत्र करून एकच बिल लावतात.

टेकडीवरचा

मेव्हणे संरक्षण खात्याच्या लेखा कार्यालयात आहेत. शब्द मागे घेतो. सीडी मात्र खरी होती. ती कशी लिहायची ते ठाऊक असलेला माणूस शोधायला दोन दिवस गेले होते.

खिळेजुळारी

मी शासकीय मुद्रणालयातून निवृत्त झालो. हातानं खिळे जुळवण्याच्या काळात लागलो, संगणकाच्या काळात बाहेर पडलो. नावबदलाच्या सूचना हजारोंनी डोळ्यांखालून गेल्या आहेत, म्हणून थोडं लिहितो.

या सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येतात. तो साप्ताहिक असतो, गुरुवारचा. अर्ज आता "आपले सरकार" संकेतस्थळावरून शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे जातो. कार्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे, पण तिथे जायचं कारण उरलेलं नाही. फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, जुन्या नावाचा पुरावा, बदलाच्या कारणाचा पुरावा म्हणजे तुमच्या बाबतीत विवाह प्रमाणपत्र, हे स्कॅन करून चढवायचं आणि शुल्क तिथेच भरायचं.

महत्त्वाची गोष्ट पुढे. त्या अंकाची सुरुवातीची टीप कोणी वाचत नाही. तिचा अर्थ असा, की या सूचना अर्जदाराच्या सांगण्यावरून छापल्या आहेत, मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. राजपत्र तुमचं नाव "मंजूर" करत नाही. अमुक नावाच्या व्यक्तीनं तमुक नाव घेतल्याचं जाहीर केलं, एवढंच ते सांगतं. त्यामुळे त्याची सगळी किंमत दोन रकान्यांत असते. ते दोन रकाने तुमच्या हातातल्या कागदांशी अक्षराला अक्षर जुळले तर उपयोग, नाही तर कागद फुकट.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते जुन्या नावात. नव्या नावाचं स्पेलिंग चार वेळा तपासतात आणि जुनं नाव तोंडपाठ म्हणून ठोकून देतात. शाळेच्या दाखल्यावर "विलासराव" असतं, अर्जात "विलास" जातं.

तुमच्यासाठी माझं मत: जुनं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं, म्हणजे शिर्के. नवं नाव ईश्वरी रोहन कदम.

दोन_नावांची_बाई

काका, खूप आभार! दाखला काढून बघितला. खरंच "विलासराव" आहे. बाबांना आयुष्यात कुणी विलासराव म्हटलेलं नाही.

नाना_नातूबाग

मूळ मुद्दा वेगळाच आहे. मुलीचं पहिलं नाव बदलायचंच कशाला? आमच्या सौभाग्यवतींचं मी बदललं नाही, 1984 साली. वडीलधारे आठवडाभर बोलत नव्हते. फार शांत आठवडा गेला.

मंजिरी७७

नाना +1. आणि बदललं तरी ताटातच ठेवावं. तांदूळ खीर करून संपतात, नाव मात्र रेशनकार्डावर जाऊन बसतं.

सोनू_चिंचवड

मला पण हीच माहिती पाहिजे होती. माझ्या मुलाचं नाव शाळेत "अथर्व" आणि जन्मदाखल्यावर "अर्थव" पडलंय. राजपत्र कुठून करू?

वकीलीणबाई

सोनू, तुमचं प्रकरण निराळं आहे. ती नोंदीतली चूक आहे, नावबदल नाही. जिथे जन्म नोंदवला त्या निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. राजपत्र काढलंत तर "अर्थवचा अथर्व झाला" असं कायमचं छापलं जाईल. स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू.

सोनू_चिंचवड

धन्यवाद मॅडम. म्हणजे चर्नी रोडला जायची गरज नाही ना?

खिळेजुळारी

कोणालाच नाही.

पेठेतला_पोरगा

मी पुण्यात येरवडा कारागृहाच्या मुद्रणालयात चौकशीला गेलो होतो, कुणी तरी राजपत्र तिथे छापतात म्हणालं म्हणून. गेटवरच्या शिपायानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "नाव बदलायचंय." तो म्हणाला, "इथं नाव नाही बदलत, इथं नंबर मिळतो."

खिळेजुळारी

जीपीओजवळ फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात शासकीय ग्रंथागार आहे, तिकडे जायला हवं होतं. पण अर्ज तिथेही घेत नाहीत.

आकडेमोड

एक शंका. ताईंचं आधार आधी शिर्के होतं आणि लग्नानंतर कदम केलं, बरोबर? म्हणजे नावाची एक दुरुस्ती वापरून झाली. आधारला नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आता ईश्वरी केलं की दुसरी संधीही संपली. उद्या त्यात स्पेलिंग चुकलं तर विभागीय कार्यालयाकडे अपवाद म्हणून दाद मागत बसा.

शिवाय काकांच्या सल्ल्यात एक फट आहे. आधारवर सध्या "प्राजक्ता रोहन कदम" आहे. राजपत्रात जुनं नाव शिर्के छापलं तर आधार केंद्रावरचा माणूस विचारेल, ही प्राजक्ता कदम या कागदात कुठे आहे? ती कुठेच नाही.

खिळेजुळारी

आकडेमोड यांचं म्हणणं बरोबर आहे. आधारवर "प्राजक्ता रोहन कदम" हे नाव चढलंय हे माझ्या नजरेतून सुटलं. वाचताना घाई झाली, मुद्रितशोधकाला न शोभणारी गोष्ट.

वकीलीणबाई

जुन्या नावात "प्राजक्ता विलासराव शिर्के उर्फ प्राजक्ता रोहन कदम" असं लिहिण्याचा पर्याय आहे. पण माझ्या एका अशिलाचा "उर्फ"वाला अर्ज परत आला होता, एकच नाव लिहा म्हणून.

मंजिरी७७

माझ्या जावेचं "उर्फ"सकट छापून आलंय की!

वकीलीणबाई

येत असेल. मी माझा अनुभव सांगितला. खात्रीचा मार्ग म्हणजे राजपत्रात एकच जोडी ठेवायची आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे प्रतिज्ञापत्रात लिहायचं. बँकेला दोन्ही कागद एकत्र द्यायचे.

पेठेतला_पोरगा

गंमत म्हणून विचारतो. सगळे ईश्वरीच्या मागे का लागलेत? आधार, पॅन, पासपोर्ट, डिग्री सगळीकडे प्राजक्ता आहे. ईश्वरी आहे रेशनकार्डावर, एका खात्यात आणि जन्मदाखल्यावर. राजपत्र उलटं काढा ना. जुनं नाव ईश्वरी, नवं नाव प्राजक्ता.

आकडेमोड

हे गंमत म्हणून काय लिहिलंस रे? हेच उत्तर आहे.

दोन_नावांची_बाई

थांबा थांबा. पण ईश्वरी हे "नवं" नाव आहे ना? लग्नानंतरचं? ते जुनं कसं म्हणणार?

खिळेजुळारी

मी कालपासून याच्यावर विचार करतोय. पोरगा बरोबर बोललाय.

राजपत्रातलं "जुनं" म्हणजे तुम्ही सोडताय ते आणि "नवं" म्हणजे यापुढे वापरणार ते. आयुष्यात कोणतं आधी आलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तुमच्या प्रकरणात "ईश्वरी रोहन कदम" हे नाव सोडून "प्राजक्ता रोहन कदम" घेतलं असं छापलं, तर काय होतं बघा. आधार, पॅन, पासपोर्ट यांना हात लावावा लागत नाही, आधारची उरलेली संधी शाबूत राहते. बँकेला हवा असलेला दुवा, म्हणजे ईश्वरी तीच प्राजक्ता, नेमका तोच छापला जातो. जन्मदाखल्यावरची आई कोण, या प्रश्नालाही तोच कागद दाखवता येतो.

उरलं शिर्के ते कदम. त्याला विवाह प्रमाणपत्र आणि नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट आहे. ती जोडणी आजवर कुणी अडवलेली नाही, राजपत्रात तिला ओढायची गरज नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि पदवीवरचं नाव लग्नामुळे बदलत नसतं, ते तसंच राहू द्या.

एकच अडचण आहे. जुन्या नावाचा पुरावा म्हणून ईश्वरी नावाचा कागद लागेल. रेशनकार्डावर नाव कसं आहे ते नीट बघा, आणि बँकेचं फोटोचं पासबुक असेल तर तेही काढून ठेवा.

नाना_नातूबाग

सासूबाईंना हे कोण सांगणार?

दोन_नावांची_बाई

नाना, तोच तर खरा अर्ज आहे.

फिरस्ती

विषय निघालाच आहे म्हणून: 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका झाली होती ना? लग्नानंतर घेतलेलं आडनाव सोडून माहेरचं परत घ्यायचं तर घटस्फोटाचा हुकूम किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, अशा केंद्राच्या अटीविरुद्ध. म्हणजे नाव घ्यायला कुणाची परवानगी नाही आणि टाकायला नवऱ्याची!

वकीलीणबाई

हो, ती केंद्राच्या राजपत्राबद्दल होती. इथे आडनाव बदलतच नाहीये, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण धागा चांगला आहे, भरकटवू नका.

नवी_नवरी_वारजे

प्रतिज्ञापत्राला 100 चा मुद्रांक लागतो का 500 चा? मला दोन नोटरींनी दोन वेगवेगळी उत्तरं दिली.

वकीलीणबाई

ऑक्टोबर 2024 पासून 100 चे बरेच व्यवहार 500 वर गेले. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या काही प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. बँकेला द्यायचं असेल तर माझा सल्ला 500 चा.

कर्वेनगरकर

माझ्या पुतणीनं साध्या कागदावर दिलं, घेतलं. अर्थात तिच्या बँकेत काका मॅनेजर आहे.

आकडेमोड

म्हणजे तूच ना?

कर्वेनगरकर

नाही, दुसरा काका.

दोन_नावांची_बाई

महिन्यानं येतेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व. पण शेवट न सांगणाऱ्या लोकांचा मला स्वतःला फार राग येतो.

उलटंच काढलं. जुनं नाव ईश्वरी रोहन कदम, नवं प्राजक्ता रोहन कदम. एजंट नाही, जाहिरात नाही.

पहिली संध्याकाळ फोटोत गेली. 160 बाय 200 पिक्सेल, आणि वजन 5 ते 20 केबीच्या मधलं. माझा फोटो एकदा 23 व्हायचा, एकदा 4. चारला डोळे दिसेनात. कागदपत्रांना 75 ते 500 केबी, तिथे उलट रेशनकार्डाचं चित्र फार हलकं पडलं म्हणून पुन्हा स्कॅन केलं. रोहन म्हणाला, वजनाचं एवढं टेन्शन तू लग्नाच्या साडीच्या वेळीही घेतलं नव्हतंस.

काकांनी सांगितल्याप्रमाणे रेशनकार्ड भिंगातून वाचलं. तिथे इंग्रजी नावच नाही, नुसतं मराठी "ईश्वरी". पासबुकावर इंग्रजी होतं, आणि त्यात सुरुवातीला एकच "आय" होता. मी लग्नापासून सही करताना दोन "ई" लावत आलेय. अर्जात पासबुकावरचं स्पेलिंग जसंच्या तसं टाकलं. हे आधी कळलं नसतं तर मीच माझा कागद फुकट घालवला असता.

अर्ज एकदा परत आला. विवाह प्रमाणपत्राच्या स्कॅनमध्ये नोंदणी क्रमांकाची ओळ कापली गेली होती. दुरुस्त करून पाठवला आणि तिसऱ्या गुरुवारी छापून आला. अंक उतरवून घेतला आणि शेकडो नावांत स्वतःला शोधलं. आपली दोन नावं शेजारी शेजारी छापलेली बघून जरा विचित्र वाटलं.

बँकेनं राजपत्र, तिन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र (500 चा मुद्रांक, वकीलीणबाई) आणि विवाह प्रमाणपत्र घेतलं. कर्जाची फाइल पुढे सरकली. ईश्वरीचं खातं प्राजक्ताच्या नावावर व्हायला अजून एक फॉर्म आहे म्हणे.

खिळेजुळारी

उत्तम. त्या अंकाचं पहिलं पान आणि तुमची नोंद असलेलं पान, दोन्ही जपून ठेवा. नुसतं नोंदीचं पान दिलं की दिनांक कुठे, भाग कुठला, असं विचारतात.

मंजिरी७७

आणि मुलीचा जन्मदाखला? तो दुरुस्त करणार का तसाच ठेवणार?

दोन_नावांची_बाई

यावर घरात दोन मतं आहेत. रोहन म्हणतो, राजपत्र जोडलं की झालं, दाखल्याला हात लावू नको. मला वाटतं, पोरीनं शाळेच्या प्रत्येक फॉर्मला आईचं राजपत्र का जोडायचं?

वकीलीणबाई

क्षेत्रीय कार्यालयात विचारून बघा. आईचं नाव नोंदवतानाच चुकलं म्हणून दुरुस्ती मागायची की आईनं नंतर बदललं म्हणून, यावर ते कागद वेगळे मागतील. आणि तुमचं राजपत्र "नंतर बदललं" असं सांगतंय, हे लक्षात ठेवा. त्यातून कसं निघतं ते मलाही वाचायला आवडेल.

नाना_नातूबाग

सासूबाईंचं काय झालं ते राहिलं.

दोन_नावांची_बाई

त्यांना राजपत्र दाखवलं. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सरकारनं पण मान्य केलं की आधी ईश्वरीच होतीस." तेव्हापासून जास्तच जोरात ईश्वरी हाक मारतात.